पुरवणीत गेलेला तक्ता

वैद्यकीय नियतकालिकाकडून शोधनिबंध परत आला तेव्हा शेऱ्यांमध्ये एक ओळ अशी होती की सिस्टर लगेच आपले तक्ते मोजायला लागली. मुख्य मजकुरात चारच तक्ते ठेवा, बाकीचे पुरवणी परिशिष्टात हलवा. तिच्या निबंधात तक्ते होते सात. पूर्वी नवजात कक्षात परिचारिका असल्यामुळे विभागात सगळे तिला सिस्टरच म्हणत, आणि हा निबंध छापून आल्याशिवाय तिची पदवी काही पुढे सरकणार नव्हती.

कमी वजनाच्या बाळांकडे घरभेटी दिल्या तर ती नीट वाढतात का, हा विषय. चौथ्या तक्त्यात त्या भेटींचा आठवडावार हिशेब होता. सगळ्या भेटी तिने स्वतः पायपीट करून दिल्या होत्या. पाचवा तक्ता आकडेबुवांचा. आकडेबुवा म्हणजे विभागाचे संख्याशास्त्रज्ञ, तिचे सहलेखक आणि वजाबाकीवरसुद्धा विश्वास न ठेवणारे गृहस्थ. अगदी हलक्या बाळांना घरभेटींचा उपयोग होत नाही, त्यांना रुग्णालयातच ठेवायला हवं, हे त्यांनी त्या तक्त्यात दाखवलं होतं.

तिने तिसरा, पाचवा आणि सहावा पुरवणीत टाकले. स्वतःचा चौथा मात्र जागचा हलवला नाही.

"पाचवा माळ्यावर गेला तर," आकडेबुवा चष्मा पुसत म्हणाले. "माळ्यावरचं कोण काढून बघतं?"

"मजकुरात उल्लेख राहील ना सर. ज्याला बघायचं तो बघेल."

"तुमचा निबंध आहे, सिस्टर." एवढं बोलून ते आपल्या आकड्यांकडे वळले. ते वाक्य तिला चांगलंच टोचलं, पण तिने मान वर केली नाही.

मग क्रमांक बदलायचे काम आलं. तिने सगळे उल्लेख हाताने टाइप केलेले होते, म्हणून संगणकाचं शोधा-आणि-बदला चालवलं, तेही मागून पुढे. सातव्याचा चौथा केला, सहावा आणि पाचवा पुरवणीत पु-३ आणि पु-२ झाले, चौथ्याचा तिसरा, आणि शेवटी तिसऱ्याचा पु-१. संगणकाने निमूटपणे सांगितलं ते केलं. तिला हायसं वाटलं.

पाठवण्याआधी दोघं पडताळायला बसले. ती वाक्य वाचणार, ते त्या क्रमांकाचा तक्ता उघडणार.

"रुग्णालयात पुन्हा भरती झालेल्या बाळांची संख्या, पुरवणी तक्ता पु-१."

"पु-१ मध्ये दूध पाजण्याचा तपशील आहे," आकडेबुवा म्हणाले. "आणि मघाशी घरभेटीसुद्धा इथेच आल्या होत्या. मुख्य मजकुरातल्या तिसऱ्या-चौथ्या तक्त्याला कुणी विचारतच नाहीये."

तिच्या लगेच लक्षात आलं. पुन्हा भरतीचा तक्ता म्हणजे सातवा; त्याचा चौथा झाला, तो पुढच्या फेरीत तिसरा झाला आणि त्याच्या पुढच्या फेरीत पु-१. तिसरा, चौथा, सातवा, तिघांना तिने एकाच दारात नेऊन उभं केलं होतं. असंच गेलं असतं तर परीक्षकांनी तिचे वाभाडे काढले असते.

मूळ प्रत उघडून तिने यंत्राचा नाद सोडला. एकेक उल्लेख रंगवत, वाक्य वाचत ती पुढे निघाली. वाचता वाचता तिचा वेग मंदावला. पाचव्या तक्त्याचा उल्लेख निष्कर्षांत होता, चर्चेत होता, आणि 'हलक्या बाळांना घरी पाठवू नये' या शेवटच्या शिफारशीचा सगळा भार त्याच्यावरच होता. चौथ्याचा उल्लेख एकाच ठिकाणी होता, कार्यपद्धतीत, तोही कंसात. तो काढून ठेवला तरी निबंधाचं काही बिघडत नव्हतं. तिला ते फार लागलं. दोन वर्षं उन्हातान्हात झिजवलेल्या चपला त्या कंसात बसल्या होत्या.

"सर, पाचवा मुख्य मजकुरात तिसरा होईल," ती म्हणाली. "माझा चौथा पु-२."

"नक्की?"

"मग नुसता मुख्य मजकूर वाचणारा डॉक्टरही हलकं बाळ घरी पाठवणार नाही. म्हणून नक्की."

आकडेबुवांनी आभारबिभार काही मानले नाहीत. नवी प्रत घेऊन पुन्हा पडताळायला बसले. सगळे उल्लेख जागेवर लागत गेले. "घरभेटींचा आठवडावार तपशील, पुरवणी तक्ता पु-२," तिने वाचलं. त्यांनी पु-२ उघडला. बरोबर म्हणतील म्हणून ती थांबली, पण ते तक्त्यावर वाकले. बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते.

"मी आजवर याची बेरीजच फक्त तपासली होती," ते म्हणाले. "या आठवड्यात शून्य भेटी कशा?"

"त्याच्या आदल्या दिवशी त्यातलं एक बाळ गेलं होतं सर. माझे पायच उठेनात."

मग आकडेबुवांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"शून्याला तळटीप लागते," ते म्हणाले. "काय लिहू, सांगा."