तिसऱ्यांदा जा

मी बोलतोय. तुम्ही दचकू नका, दचकायचं खातं माझ्याकडे आहे. मी एक पत्र आहे, आणि पत्र झाल्यापासून माझा एक दिवस धड निर्धास्त गेलेला नाही.

खरं तर पत्र व्हावं असा मी कागद नव्हतोच. मी बेकरीतला, पाव गुंडाळायचा. तपकिरी, खरबरीत, एका अंगाने जरा तेलकट. माझे भाऊबंद सकाळी गरम पाव पोटाशी धरून बाहेर पडतात आणि दुपारपर्यंत केरात जातात. माझंही तेच होणार होतं. पण पाव पोचवणाऱ्या व्हॅनच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला गठ्ठ्यातून टर्रकन फाडलं, स्टिअरिंगवर ठेवलं आणि कानामागची पेन्सिल काढली.

या माणसाला बेकरीत सगळे भोंगा म्हणतात. एक तर हॉर्नवरचा हात काढत नाही, आणि हॉर्न बंद असला की तोंड चालू असतं. शाळेत थोडाच गेला. लिहिताना पेन्सिल अशी दाबतो, जणू कागदाशी जुनं वैर आहे. दुसऱ्याच ओळीला मला भोक पडलं. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा चिडणार, बोळा करणार आणि खिडकीतून भिरकावणार.

त्याने सुरुवातीला ‘गाढवे’ लिहिलं. खोडलं. ‘पोरी’ लिहिलं. मग बराच वेळ तो समोरच्या काचेतून नुसता बघत राहिला. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला तर त्याने उलट शिवीसुद्धा दिली नाही. तेव्हा मला कळलं की हा माणूस भ्यालेला आहे. आणि भ्यालेल्या माणसाच्या हातात सापडलेला कागद मी.

माझ्यावर हे लिहिलंय. अक्षरं वाकडी आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

‘पोरी, दोनदा नापास झालीस. झालीस तर झालीस. तुझी आई म्हणते गोड बोला. मला येत नाही. पहिल्या वेळी तू माझ्यासारखी उत्तरं दिलीस म्हणून नापास झालीस. मी जन्मभर चुकीची गाडी चालवली आणि अजून जिवंत आहे, हे नशीब झालं, उत्तर नव्हे. दुसऱ्या वेळी तू घाबरलीस. घाबरणारा ड्रायव्हर ब्रेक वेळेवर दाबतो, मला तसलेच आवडतात. घड्याळाकडे बघू नको. प्रश्न शेवटपर्यंत वाच. नाहीच आलं तर एकाला बोट लाव आणि पुढे हो, सोडलेला प्रश्न चुकलेलाच धरतात. तिसऱ्यांदा जा. मी बाहेर उभा राहतो. बाप.’

एवढंच. घरी गेल्यावर मला पोरीच्या हातात द्यायचं धाडस त्याला झालं नाही. मुलीच्या कपाटावर वाहतुकीच्या नियमांची पुस्तिका होती, तिच्यात मला घातलं आणि असा सटकला, जणू शेजाऱ्याचे पेरू चोरलेत.

मला वाटलं, आज नाही तर उद्या ती पुस्तिका उघडेल. कसली उघडते! पोरीने पुस्तिका उचलली, न उघडताच खाली वाकली आणि स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

“अगं, तुझी अभ्यासाची आहे ना ती?” आई म्हणाली.

“होती. आता टेबलाची आहे.”

वर टेबल, टेबलावर ताटं, ताटांवर सगळ्यांची कोपरं. माझा जीव घुसमटला. पण तिथूनच मला सगळी हकिगत ऐकू आली, कारण मायलेकी टेबलाशी बसून भाजी निवडायच्या.

पोर परिचारिका. दवाखान्याच्या गाडीतून घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, अशी नोकरी तिला मिळत होती. पण गाडी स्वतः चालवायची. मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, महिनाअखेरीपर्यंत निदान शिकाऊ परवाना आण, गाडी शिकवायचं आम्ही बघू. नाहीतर जागा दुसरीला. महिना संपत आला होता.

“तारीख तर घेतलीयस ना परवाची?” आईने विचारलं.

“घेतली होती, दुसऱ्यांदा नापास झाले त्याच दिवशी. पण मी जाणार नाही.”

“पण होतं काय तुला तिथे?”

“आई, पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न येतो. खाली तीन उत्तरं. कोपऱ्यात सेकंद उलटे पळत असतात. उत्तराला बोट लावून पक्कं केलं की मागे जाता येत नाही. पहिल्या वेळी मला सगळं येत होतं असं वाटलं. अरुंद घाटरस्त्यावर वाट कोणी द्यायची? मी बोट लावलं, ‘चढणाऱ्याने’.”

“मग? तुझे बाबा तर तसंच म्हणतात.”

“तेच ना! उतरणाऱ्याने थांबायचं असतं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं जड जातं. पिवळा दिवा लागला तर? मी म्हटलं, वेग वाढवा. सगळी उत्तरं बाबांची दिली मी. लहानपणापासून त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून जे शिकले, तेच.”

आईला हसू आलं असावं, कारण शेंग मोडायचा आवाज थांबला.

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा नियम पाठ होते. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, लाल कडेचं वर्तुळ मनाई करतं, निळं वर्तुळ म्हणजे करायलाच हवं. सगळं पाठ. पण ते सेकंद पळायला लागले आणि बोटच हलेना. एक प्रश्न निघून गेला, मी त्याचाच विचार करत बसले, तेवढ्यात दुसरा गेला. शेवटी लाल अक्षरं आली. मला परत ती खुर्ची बघायची नाही.”

मी पायाखालून ओरडत होतो, अगं बाई, याचंच उत्तर आहे माझ्यावर! कागदाचं ओरडणं कोणाला ऐकू जातंय?

संध्याकाळी म्हातारा जेवायला बसला. पाय लांब करताना बोटाला काहीतरी लागलं म्हणून खाली वाकला आणि तसाच राहिला.

“ही इथे कोणी घातली?”

“मी. टेबल हलतं,” पोर म्हणाली.

“हलू दे! काढ.”

“आमटी सांडेल बाबा.”

“सांडू दे आमटी! आमटीला काय परीक्षा द्यायचीय?”

“तुम्हाला एवढं काय झालंय त्या पुस्तकाचं?”

“मला काही झालेलं नाही. काढ म्हटलं ना!” आणि कान लाल करून तो भिंतीकडे बघत बसला.

पोरीने रागारागाने पुस्तिका ओढली. टेबल कललं, आमटी सांडली, आणि मी जमिनीवर पडलो, त्या आमटीपासून बोटभर अंतरावर. तिने मला उचललं. आता फाडते की नंतर, एवढाच प्रश्न होता.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“नाही, बेकरीतल्या मांजराने.”

“तुम्ही चुकीची गाडी चालवता असं लिहिलंय यात.”

“वाचता येतंय ना? मग मोठ्याने कशाला वाचतेस, आई ऐकतेय.”

“मला सगळं पाठ आहे हो,” आई म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

पोर हसली नाही. मला घडी घालून खिशात ठेवत म्हणाली, “बाबा, लिहायला काय जातंय. उद्या माझ्या पुस्तकाप्रमाणे चालवून दाखवा. मग मी जाते.”

दुसऱ्या दिवशी पाव पोचवायला दोघं निघाली. ती सांगायची, तो चालवायचा. गोल चौकाशी तो सवयीने घुसायला गेला.

“आत आहेत त्यांना आधी जाऊ द्या.”

“सगळे जाईपर्यंत पाव शिळे होतील!”

पण थांबला. मागच्या गाडीतून कोणीतरी ओरडलं, “आजोबा, झोप लागली का?” म्हाताऱ्याचा हात हॉर्नवर गेला. पोरीने नुसतं बघितलं. हात परत आला. पिवळ्या दिव्यालाही तो थांबला, दात खात.

मग बाजाराचा रस्ता लागला. रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी पांढरे पट्टे होते, त्यांच्या अलीकडे एक मोठा ट्रक उभा. रस्ता मोकळा दिसला, म्हाताऱ्याने वेग तसाच ठेवला.

“थांबा! बाबा, थांबा!”

ब्रेक किंचाळला. मागचे पावांचे ट्रे धडाधड आदळले. ट्रकच्या आडून एक बाई बाबागाडी ढकलत बाहेर आली होती. बाबागाडीचं पुढचं चाक आमच्या व्हॅनच्या नाकासमोर येऊन थांबलं. आत तान्हं झोपलेलं होतं, एक मोजा पायातून निसटलेला. बाई जागीच गोठली. तिने काचेतून आमच्याकडे बघितलं. मग ती गेली.

मी पोरीच्या खिशात होतो. तिचं काळीज माझ्यावर घणासारखं आपटत होतं. म्हाताऱ्याने गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरून काढून मांडीखाली दाबले.

मग त्याने विचारलं, “हे आहे पुस्तकात?”

“आहे. उभ्या वाहनाआडून माणूस येऊ शकतो, पट्ट्यांशी वेग कमी करा.”

“परीक्षेत आलं होतं?”

“पहिल्या वेळी.”

“काय उत्तर दिलंस?”

पोर पुस्तिकेची कड नखाने खरवडायला लागली.

“सांग की.”

“हॉर्न वाजवा आणि पुढे जा.”

त्याने मान खाली घातली. पुढचा सगळा रस्ता तो इतका हळू गेला की सायकलवाले पुढे निघून गेले. पोरीने मात्र पुस्तिका उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.

परीक्षेच्या दिवशी दारावरचा रखवालदार म्हणाला, “ओळखपत्र हातात. पिशवी, फोन, कागद बाहेर.” कागद म्हणजे मी. तिने मला बापाच्या हातात दिलं आणि आत गेली. त्याने मला मुठीत धरलं आणि दाराच्या काचेला नाक लावलं.

“आजोबा, काचेला चिकटू नका.”

“मी नाही चिकटलो. काचच पुढे आलीय.”

आत खुर्च्यांच्या मध्ये आडोसे होते. तिची फक्त पाठ दिसत होती. एकदा तिची मान वर, कोपऱ्याकडे गेली. “खाली बघ,” म्हातारा पुटपुटला. “खाली बघ ना गं माझे आई.” मुठीत घाम सुटला, माझी अक्षरं फिसकटायला लागली. मी स्वतःसाठी घाबरायचं विसरलो. मान खाली गेली. बोट पुढे झालं.

ती बाहेर आली तेव्हा तोंडावर काहीच नव्हतं.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“पास. लागतात त्यापेक्षा एकच जास्त.”

“एक तरी कशाला जास्त? उगाच मेहनत.” असं म्हणून त्याने पाठ फिरवली आणि बाहीने नाक पुसलं.

“एका प्रश्नाला काही सुचेना बाबा. एकाला बोट लावलं आणि पुढे गेले.”

“बरोबर आलं?”

“चुकलं. पण त्याच्यापाशी बसून राहिले नाही.”

मोठ्या सिस्टरनी जागा तिला दिली. सगळे म्हणाले, सुटलो. मीही म्हणालो. पण शिकाऊ परवान्याचा नियम तुम्हाला माहीत असेलच. गाडीला पुढे-मागे शिकाऊची पाटी लावायची आणि शेजारी पक्का परवाना असलेलं माणूस बसवायचं. दवाखान्यात शिकवणारे आहेत, पण सुट्टीच्या दिवशी सराव कोणाबरोबर करायचा? घरात पक्का परवाना एकट्या भोंग्याकडेच.

तेव्हा सध्या मी व्हॅनमध्ये आहे. पोर स्टिअरिंगवर, पाठ ताठ, चौकाआधीच वेग कमी करणारी. म्हातारा बाजूच्या सीटवर. तिथे ना ब्रेक, ना हॉर्न. म्हणून तो मला गच्च धरून बसतो आणि प्रत्येक वळणावर आवळतो. माझं ‘तिसऱ्यांदा’ पार पुसलं गेलंय, ‘जा’ तेवढं शिल्लक आहे.

वाचणाऱ्यांनो, एवढी माझी विनंती पोचवा त्याला. पोर नीट चालवतेय. मूठ जरा सैल कर म्हणावं.