मांडीवरचा प्रवासी

धक्क्यावरच्या तिकीटवाल्याने पत्र हातात घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"दोन पानं? ताई, आमच्याकडे तक्रारी तोंडीच येतात. त्याही शिव्यांमधून."

ती हसली नाही. कडेवरचं आठ महिन्यांचं बाळ कागदावर झडप घालत होतं. ते झोपेल तेव्हा चार-चार ओळी करत तिने पत्र पुरं केलं होतं. शंभर प्रवाशांच्या बोटीत शनिवारी दीडशेच्या वर माणसं होती. तिने बाळासाठी लाइफजॅकेट मागितलं, तर खलाशाने पेटी उघडून दाखवली. आत दोरखंड आणि ओली ताडपत्री. जॅकेटं म्हणे उन्हाने विरतात, म्हणून ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद! शेवटी तिने लिहिलं होतं : 'मांडीवरच्या बाळांना तिकीट नसते, म्हणून ती मोजणीत येत नाहीत. कृपया त्यांनाही मोजावे.'

"माझ्या प्रतीवर पोच द्या. बंदर कार्यालयालाही एक पाठवलीय."

त्याने शिक्का मारला. "पलीकडे जायला बोट एकच आहे ताई, एवढं लक्षात ठेवा."

ते ती कशी विसरेल? नोकरी पलीकडे, पाळणाघर पलीकडे. नवरा परगावी, माहेर फोनपुरतं.

आठवड्याने बंदराचा निरीक्षक आला. तपासणीत सकाळची बोट चाळीस मिनिटं अडकली. रोज बाळाचे गाल ओढणाऱ्या मावशींनी शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. "बसायचंय? दुसरीकडे बघ बाई. आमचा खाडा झाला तुझ्या पत्रापायी."

सोमवारी बाळाने निघताना दूध ओकलं. कपडे बदलून ती धावत धक्क्यावर पोचली. बोटीत खुंट्यांवर केशरी जॅकेटं लटकत होती. दाराशी तिकीटवाला, हातात मोजणीचं यंत्र.

"या, या. नव्व्याण्णव झाले, तुम्ही शंभर."

"आणि हा?"

"मांडीवरचा आहे हो. आज साहेब नाहीत, कोण बघतंय?"

आतून मावशींचा आवाज आला, "चढ की आता! पुन्हा खोळंबा नको."

आज उशीर म्हणजे महिन्यातला तिसरा, अर्धी रजा गेली. एक पाऊल टाकायचं होतं फक्त. बाळाने तिच्या मानेत तोंड खुपसलं.

"मग आम्ही एकशे एक होतो," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मागचा माणूस तिला वळसा घालून चढला. दार लागलं. बोट निघाली तेव्हा एकानेही मागे वळून पाहिलं नाही. ती बाकावर बसून राहिली. कुणाला तरी सांगावं म्हणून तिने फोन काढला, नावं वरखाली केली आणि ठेवून दिला.

तासाभराने बोट परत आली. रांगेत ती पहिली. तिकीटवाल्याने एक छोटं जॅकेट पुढे केलं. प्लास्टिकची पिशवी अजून फोडलेली नव्हती. तिने बाळाला ते चढवलं, तर बाहेर फक्त कान आणि डोळे उरले.

त्याने यंत्राचं बटण दाबलं. बाळाकडे पाहिलं. पुन्हा दाबलं.

"दोन," तो म्हणाला.

ती रिकाम्या बोटीत जाऊन खिडकीशी बसली.