तोगावांचं ‘दाइजोबु’

मधुरा,

इथे जपानला नर्स म्हणून यायचं तर आधी काय पाठ करू, असं विचारलंस. तीनच वाक्यं सांगते.

पहिलं, ‘योरोशिकु ओनेगाइशिमास’. सांभाळून घ्या, आता तुमच्यावर सोपवलं. रात्रपाळीची नर्स सकाळी पेशंटची माहिती देते आणि शेवटी हे म्हणून वाकते. आपणही वाकायचं. त्या क्षणापासून पेशंट आपला. परवा असेच तोगावा आजोबा माझ्याकडे आले. आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेलं.

दुसरं, ‘दाइजोबु देस’. ठीक आहे, काही त्रास नाही. मी विचारलं, "तोगावा-सान, दुखतंय का?" ते हसून म्हणाले, "दाइजोबु देस. तुम्ही दुसऱ्यांकडे बघा, तुम्हाला किती कामं." पण कपाळावर घाम होता आणि हात बर्फासारखा गार. नाडी पळत होती, बीपी उतरलेलं. पोटातल्या नळीच्या पिशवीत ताजं लाल रक्त.

इथली माणसं मरणाच्या दारातही दुसऱ्याला त्रास नको म्हणतात. हे मला ठाऊक होतं, तरी मी क्षणभर थांबले. गेल्याच आठवड्यात मी डॉक्टरांना उगाच धावायला लावलं, तेव्हा हेड सिस्टर नेझु सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "साप साप म्हणून भुई धोपटू नकोस गं." पुन्हा तसंच झालं तर? आणि नाही बोलावलं तर?

उशाची घंटा मीच दाबली. पेशंटला सोडून जायचं नसतं. घंटेच्या स्पीकरवर नर्सचा आवाज आला तशी म्हणाले, "रक्तस्राव वाटतोय, डॉक्टरांना घेऊन या." आवाज माझाच होता, पण ओळखू येत नव्हता. आजोबा मलाच म्हणत होते, "माफ करा हं, तुम्हाला धावपळ."

नेझु आल्या, पिशवी पाहिली आणि लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी आजोबांना तडक ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. पाळी संपेपर्यंत बातमी नाही. मी बाकीच्यांची औषधं दोन-दोनदा तपासत राहिले. वाटत होतं, मी थांबले त्या एका क्षणाने माणूस गेला तर मी कुणाला तोंड दाखवू?

तिसरं, ‘ओत्सुकारेसामा देश्ता’. दमलीस, केलंस, आता जा. हे इथे सगळे सगळ्यांना रोज म्हणतात, सवयीनं. परवा नेझुंनी कपडे बदलायच्या खोलीत येऊन मला म्हटलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "पुन्हा शंका आली की पुन्हा बोलव. मी ओरडले तरी." मी भिंतीला टेकून रडले.

आज आजोबा वॉर्डात परत आले. मी भीतभीतच विचारलं, "दुखतंय का?" ते हसले, तोंड उघडलं, माझ्याकडे पाहून थांबले. मग हळूच म्हणाले, "थोडं दुखतंय."

कुणाला दुखतंय हे ऐकून मला आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

तुझी,
ताई