शुक्रवार कुणी विचारला

ग्राहकांचे फोन घेण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. श्रवणयंत्रं विकणाऱ्या त्या कंपनीत सगळे तिला माई म्हणत. नवी माणसं निवडायच्या दिवशी माई शेजारच्या खोलीतून फोन लावून चिडलेली ग्राहक व्हायची. प्रसंग तिनंच लिहिलेला, सगळ्यांना तोच: वडिलांचं यंत्र दुरुस्तीला देऊन तीन आठवडे झाले, पत्ता नाही. नियमांचा कागद वाचायला उमेदवाराला दहा मिनिटं मिळत. एक गोष्ट मात्र विचारल्याशिवाय ती सांगत नसे. शुक्रवारी वडिलांना मोठ्या डॉक्टरांकडे जायचं होतं आणि तिथलं बोलणं त्यांना ऐकू येणं गरजेचं होतं.

पहिला तरुण गोड गळ्याचा. "मॅडम, उद्याच नवं यंत्र पाठवतो," म्हणून मोकळा झाला. नियमांत तसं काही नव्हतं. हेडफोन लावून ऐकणारे साहेब मात्र खूश.

फेरीनंतर प्रत्येकाला एक सूचना द्यायची आणि तोच फोन पुन्हा लावायचा, ही माईची पद्धत. "जमणार नाही ते कबूल करू नका," तिनं त्याला सांगितलं. दुसऱ्या फेरीतही त्यानं उद्याचंच वचन दिलं.

मग चाळिशी ओलांडलेली एक बाई आली, पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती. माईनं आवाज चढवताच ती गडबडली, माफी मागत कागद चाळत राहिली.

"कागद बाजूला ठेवा," माई म्हणाली. "आधी समोरच्याचं काय अडलंय ते बघा."

पुन्हा फोन वाजला. माई तितकीच तडकली. बाईनं तिला पुरतं बोलू दिलं.

"ताई, आत्ता बाबांचं कसं चाललंय? यंत्रावाचून कुठे अडतंय का?"

माईनं शुक्रवार सांगितला.

"तोवर दुरुस्त होईलच असं मला सांगता येत नाही. पण तात्पुरतं यंत्र देता येतं, ते मिळतंय का बघते. चार वाजेपर्यंत मीच फोन करते. काही कळलं नाही, तरी करते."

माईनं आणि साहेबांनी उमेदवारांचे गुण वेगवेगळे लिहिले, मग कागद शेजारी शेजारी ठेवले.

"त्या पोराचा आवाज काय आहे," साहेब म्हणाले.

"आवाज आहे. पण ते उद्याचं यंत्र पाठवणार कोण?"

साहेबांनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. "शुक्रवार आणखी कुणी विचारला?"

"आज कुणीच नाही."

त्यांनी बाईच्या नावापुढे सही केली. "माई, तुमची ही परीक्षा दुसऱ्या शाखेतही घेऊ या."

माईची मान अभिमानानं ताठ झाली. ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही. निवड झाल्याचा फोन तिनंच लावला.

"पण पहिल्यांदा तर माझी फजिती झाली," बाई म्हणाली.

"झाली की. एकदाच सांगितलं आणि तुम्ही सुधारलंत. मला तेच बघायचं होतं."

पलीकडे फोन तसाच हातात धरून बाईनं कुणाला तरी हाक मारली, "आई, मला घेतलं गं." माई ऐकत राहिली.