कडं सरळ करताना

साहेबांनी वर्णन लिहिण्यासाठी खास जाड निबचं पेन आणलं होतं. पुढे टायपिंग भाचीलाच करायचं होतं, पण पेन हवंच. थाट म्हणून काही असतो की नाही!

साहेब म्हणजे तिच्या आईचे सख्खे भाऊ. घरी मामा, ऑफिसात साहेब, आणि चुकून ऑफिसात मामा म्हटलं की अर्धा दिवस फुरंगटून बसणार. शाळांसाठी गणिताचे व्हिडिओ करायची त्यांची कंपनी म्हणजे दोन खोल्या, चार खुर्च्या आणि भिंतीवरचा एक मोठा टीव्ही. भाची सहा वर्षं तिथे मॅनिममध्ये कोड लिहीत होती. मॅनिम म्हणजे कोडमधून गणिताची हलती चित्रं काढायची सोय. वर्तुळ कुठे काढायचं, किती मोठं, किती सेकंदांत कुठे सरकवायचं, सगळं त्याला लिहून द्यावं लागतं. आपणहून ते टिंबसुद्धा हलवत नाही.

गेल्या महिन्यात मामांना एक नवीन खेळणं मिळालं. साध्या भाषेत वर्णन लिहा, मशीन मॅनिमचा कोड लिहून देतं. मामा हरखून गेले. दुसऱ्याच दिवशी भाचीला बोलावून म्हणाले, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. कल्पना माझी, कोड मशीनचा. मग मधे तू कशाला? सोमवारी शाळांची खरेदी समिती येतेय. त्यांनी व्हिडिओ पसंत केला की तुला मोकळी करतो. तोवर बटण दाबायला बस."

सहा वर्षांची नोकरी, आणि 'मोकळी करतो' म्हणे! जसं काही ती खुंट्याला बांधलेली होती. तिला संताप आला, पण घराचे हप्ते डोळ्यांपुढे आले आणि ती बटण दाबायला बसली.

मामांचं पहिलं वर्णन असं होतं: 'गणिताच्या सोनेरी पहाटे अनंताच्या गर्भातून पाय हसत हसत अवतरतो.' मशीन बिचारं आज्ञाधारक. त्याने एक पिवळा आयत काढला, त्यावर 'अनंत' असं लिहिलं, आणि नेमकं त्या शब्दावरच π आणून बसवला. π ला दोन टिंबांचे डोळे आणि एक वाकडी रेघ, म्हणजे हसू. अक्षरावर अक्षर चढलेलं. मशीनने कोड लिहिला होता, चित्र काही पाहिलं नव्हतं.

"याला थोडं मार्गदर्शन हवंय," मामा म्हणाले. भाचीने ओठ चावला.

मग मामा जरा जमिनीवर आले. धडा होता वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा. वर्तुळ म्हणजे एकात एक बसवलेली पातळ कडी. प्रत्येक कडं उघडून सरळ करायचं, लहानापासून मोठ्यापर्यंत एकाखाली एक रचायचं, की त्रिकोण तयार होतो. पाया सर्वांत मोठ्या कड्याएवढा, उंची त्रिज्येएवढी. सुरेख युक्ती आहे, आणि सगळी उभी आहे एका गोष्टीवर: सरळ होताना कड्याची लांबी बदलता कामा नये.

मामांनी लिहिलं, 'कडं डौलात सरळ रेषेत रूपांतरित होतं.' मशीनने वर्तुळ घेतलं, रेषा घेतली आणि रूपांतराची तयार आज्ञा लावून मोकळं झालं. ती आज्ञा एवढंच करते, की वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू रेषेवरच्या आपापल्या जागी नाकासमोर चालत जातो. कड्याचं उजवं टोक डावीकडे पळालं, मधे सगळं पिळवटलं, आणि शेवटी रेषा झाली.

"मामा... साहेब, मधल्या वेळात कडं आखडतंय," भाची म्हणाली. "निम्म्या वाटेवर तिसऱ्या हिश्शाहून जास्त लांबी गायब आहे."

"मग वर्णनात टाकू!" मामांनी पेन उघडलं. 'लांबी बदलत नाही हे ठळकपणे दिसावं.'

मशीनने ते ठळकपणे दाखवलं. कडं आधीसारखंच आखडलं, आणि वर मोठ्या अक्षरांत झळकलं: 'लांबी बदलत नाही.'

भाची इतकी हसली की तिला ठसका लागला. मामा लालबुंद झाले. "कोण पट्टी घेऊन बसणार आहे? आणि समितीपुढे तू तोंड उघडायचं नाहीस. विचारलं तर मी बोलेन. पहिल्या चौकटीत माझं नाव घाल. वर्णन आणि दिग्दर्शन."

तिने घातलं. एकट्यांचंच.

सोमवारी समितीतून एकच बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरा अंबाडा, कापडी पिशवी. व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. मग पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढून उठल्या आणि टीव्हीपाशी गेल्या. "सुरुवातीला थांबवा." दोरा कड्यावरून फिरवून तोडला. "शेवटी." दोरा रेषेवर बरोबर बसला. मामा हात चोळत हसले. "आता मधे थांबवा."

दोरा कड्याला पुरून हातभर उरला. वर 'लांबी बदलत नाही' झळकत होतंच.

"शाळेतल्या पोरांनी याच्यावर विश्वास ठेवायचा?" बाईंनी विचारलं. "चहा होईपर्यंत दुरुस्त होत असेल तर बघते. नाहीतर येते मी."

मामा भाचीच्या कानाशी आले. "काहीतरी कर ना ग!"

खरं तर तिने हाताची घडी घालून मजा बघायला हवी होती. पण ते पिळवटलेलं कडं तिलाच बघवेना. तिने कोडला हात लावला नाही, मशीनलाच चार ओळी लिहिल्या. वेळ t शून्यापासून पुढे जाऊ दे. प्रत्येक क्षणी नवा कंस काढ, त्रिज्या r भागिले (1 − t), कोन पूर्ण फेरीच्या (1 − t) पट. कंसाचा सर्वांत खालचा बिंदू जागेवर ठेव. t 0.99 झाला की थांब आणि तेवढ्याच लांबीची सरळ रेषा ठेव.

मशीनने मुकाट्याने तसाच कोड लिहिला. कडं वरून उघडलं, फुलासारखं पसरत गेलं, सपाट झालं. बाईंनी तीन ठिकाणी थांबवून दोरा लावला. तिन्हीकडे पुरला, उरला नाही.

"बघितलंत?" मामांचा आवाज परत चढला. "मशीनने चुटकीसरशी केलं! मी म्हणत होतो, वर्णन जमलं की माणूस लागतच नाही."

"वा," बाई म्हणाल्या. चष्मा पुसून त्यांनी भाचीच्या कॉम्प्युटरवरच्या चार ओळी वाचल्या, मग व्हिडिओची पहिली चौकट वाचली. "वर्णन तुमचं ना? मग एवढं सांगा, 0.99 ला का थांबलात? एकपर्यंत का नाही जाऊ दिलं?"

"ते... तेवढं बरं दिसतं," मामा म्हणाले.

"बरं दिसतं?"

"म्हणजे, डौल राहतो."

बाई खुर्ची ओढून बसल्या. आठवीतल्या पोराला फळ्यापाशी उभं करून वाट बघायची त्यांची सवय चाळीस वर्षांची होती. चहावर साय धरली. मामांनी घाम पुसला आणि भाचीकडे पाहिलं. ती टीव्हीकडे बघत होती. 1 − t, आणि t एक झाला की खाली शून्य. शून्याने भागायचं नसतं. एवढंच उत्तर होतं, आणि ते तिच्या जिभेवर होतं.

"अगं, सांग ना!" मामा शेवटी ओरडलेच.

तिने जाड निबचं पेन उचललं, टोपण काढलं आणि अदबीने त्यांच्यापुढे धरलं.

"मी तोंड उघडायचं नाही ना, मामा. तुम्ही वर्णनात लिहा."