पंधराच्या जागी फिझ

माझं डोकं तापट आहे, हे आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी ते उगाच तापलं नव्हतं. प्रॅक्टिकलची परीक्षा होती, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्या एका मुलीला वीसपैकी सहा गुण दिले होते. पास व्हायला आठ लागतात.

ही पोरगी गेल्या वर्षीही याच विषयात दोन गुणांनी गेली होती. हातातोंडाशी आलेली नोकरी निसटली. यंदा दुसऱ्या कंपनीने तिला घेतलं, पण पास झाली तरच. ती कोपऱ्यातल्या मशीनसमोर मान खाली घालून बसली होती.

मी तिचा पेपर ओढून घेतला. प्रश्न नेहमीचाच. एक ते शंभर आकडे छापायचे. तीनने भाग गेला तर आकड्याऐवजी फिझ हा शब्द, पाचने गेला तर बझ, दोन्हींनी गेला तर फिझबझ. तिने लिहिलं होतं: आधी दोन्हींनी भाग जातो का बघ, नसेल तर तीनने, नसेल तर पाचने, तेही नसेल तर आकडाच छाप. अगदी चोख.

"यात चुकलं काय, सर?"

"क्रम," परीक्षक चहा पीत म्हणाले. "मला दिलेल्या नमुना उत्तरपत्रिकेत आधी तीन, मग पाच, शेवटी दोन्ही. पायऱ्यांना गुण आहेत, मॅडम. हिने शेवटची पायरी वर नेलीय."

"अहो, ती वरच पाहिजे. तुम्ही 'नाहीतर'ची साखळी लावलीत की पहिली खरी अट लागली रे लागली, की बाकीच्यांकडे मशीन ढुंकून बघत नाही. पंधराला तीनने भाग जातो. फिझ छापलं, विषय संपला. तुमची शेवटची पायरी जन्मात चालायची नाही."

"इतकी वर्षं हीच उत्तरपत्रिका चालतेय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस एका पोरीचं वर्ष चहाच्या घोटाबरोबर गिळत होता, आणि त्याला साधं डोकं चालवायचं नव्हतं.

"बसा इथे," मी म्हटलं. "तुमची उत्तरपत्रिका मी जशीच्या तशी टाइप करते. काना-मात्रा बदलणार नाही."

त्यांनी कागद सरकवला. मी टाइप केलं आणि चालवलं. बारा, फिझ. तेरा. चौदा. पंधरा, फिझ. पुढे तीसला फिझ, पंचेचाळीसला फिझ. शंभर ओळींत फिझबझ एकदाही नाही. नंतर पोरीचा प्रोग्राम चालवला. पंधराला फिझबझ, तीसला फिझबझ. परीक्षकांनी चष्मा वर सरकवून दोनदा बघितलं.

"आता सांगा, नापास कोण?" मी म्हटलं. "आणि हा दिव्य कागद बनवला कोणत्या शहाण्याने? इतक्या वर्षांत पंधरापर्यंत एकदा तरी चालवून बघायचं नाही? लाज वाटायला हवी त्याला."

परीक्षकांनी कागद उलटा केला. मागे नमुना म्हणून एक ते दहा एवढंच उत्तर छापलं होतं, आणि ते सगळं बरोबर होतं. दहापर्यंत दोन्हींनी भाग जाणारा आकडा येतच नाही. खाली लिहिलं होतं, 'तपासले, बरोबर आहे.' त्याखाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख आणि माझी सही.

पुढच्याच वर्षी तो विषय मी नव्या शिक्षकांकडे सोपवला होता. कागद मागे राहिला, आणि मी त्याच्याकडे पुन्हा कधी पाहिलं नाही.

परीक्षकांनी सहा खोडून अठरा केले आणि शेजारी सही केली. मला टोमणा मारायची त्यांना पुरेपूर संधी होती. त्यांनी मारला नाही, याचाही मला रागच आला.

मी पोरीजवळ गेले. "गेल्या वर्षीही तू असंच लिहिलं होतंस?"

"हो."

"मग माझ्याकडे का नाही आलीस? मी भांडले असते ना."

"लॅबमधल्या नमुन्याच्या वहीत हाच कागद चिकटवलाय, मॅडम. त्यावर तुमची सही बघितली, म्हणून नाही आले."

"अगं, मग यंदा तरी कागदाप्रमाणे लिहायचंस. पास तर झाली असतीस."

"पण ते चुकीचं आहे ना."

आयुष्यभर ज्याच्या-त्याच्यावर ओरडत आले मी. त्या क्षणी ओरडायला माझ्याशिवाय कोणीच उरलं नव्हतं. मी नमुन्याच्या वहीतलं ते पान फाडलं, टेबलावर ठेवलं आणि प्राचार्यांना पत्र लिहायला घेतलं: गेल्या अकरा वर्षांत या प्रश्नात नापास झालेल्या प्रत्येकाचा पेपर पुन्हा तपासावा. कारण म्हणून मी माझं नाव लिहिलं.