हौसाबाईंची ओळ

दिपिकाच्या बाळाचं बारसं रोह्याला होतं आणि पाळणा तिची आई गाणार होती. हौसाबाई गडब गावच्या. जन्म मिठागरावर गेला, पण आवाज अजून खणखणीत. दिपिकाचं सासर मात्र कानपूरचं, मराठीच्या नावानं शून्य. "विहिनीला समजाला पायजे मी काय बोलते," म्हणून त्या पेणला माझ्याकडे आल्या. चालीवर हिंदी शब्द बसवून देणं हा माझा उद्योग.

चाल बदलायची सोय नव्हती. गडबच्या बायका प्रत्येक ओळीनंतर 'जो जो' धरणार होत्या. बाकी पाळणा बसला, एका ओळीवर गाडी अडली: 'चुकले मी गो, आले नाही.' गाताना चुक-ले-मी-गो, चार. श्वास. आ-ले-ना-ही, पुन्हा चार आणि शेवटचा 'ई' लांब ओढायचा. शब्दशः हिंदी केलं तर 'यह मेरी गलती थी कि मैं नहीं आई'. बारा! चालीचा जीवच जातो. शेवटी 'भूल थी मेरी, मैं ना आई' जमलं. चार, चार, शेवटी तोच 'ई'. 'गो' तेवढं हरवलं, त्याची हळहळ मला अजून आहे.

तेवढ्यात दिपिकाचा फोन. "ताई, आयनं मला पाळणा ऐकवला, ती 'चुकले मी'ची ओळ बदला. आय माझ्या लग्नाला आलीच नाय, रागानं. मी सासूबाईंना सांगितलंय, ती आजारी होती. त्यांना खोटं खपत नाय." मला संताप आला, पण पोरीला त्याच घरात नांदायचं होतं. मी लिहिलं, 'रोग ने घेरा, आ ना पाई.' मापात तंतोतंत आणि धडधडीत खोटं.

रोह्याला जाताना मी हौसाबाईंना दोन्ही ओळी शिकवल्या, फोनचंही सांगितलं. लपवणं मला जमत नाही.

"कुठली गाणार?"

"तोंडात येल ती."



पाळण्याची दोरी विहीणबाईंच्या हातात होती. हौसाबाई गाऊ लागल्या. ती ओळ जवळ आली, तशी दिपिकाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

"भूल थी मेरी..." श्वास. "मैं ना आई..."

बायकांचा 'जो जो' उठला आणि अर्ध्यात विरला, कारण पाळणा थांबला होता. विहीणबाईंनी सुनेला विचारलं, "ये बीमार नहीं थीं?"

दिपिका म्हणाली, "नहीं, मम्मीजी. मैंने झूठ कहा था."

विहीणबाई उठल्या. आता बाळ उचलून आत नेतात, असं मला वाटलं. त्या हौसाबाईंसमोर जाऊन बसल्या.

"मैं शादी में आई तो थी, बहनजी. मन से नहीं आई थी."

हौसाबाईंना पुढची ओळ सुचेना, नुसते डोळे वाहत होते. मग विहीणबाईंनीच 'भूल थी मेरी' धरली. बेसूर, रडत, पण शेवटच्या 'ई'पर्यंत.